पहिलीतल्या मुलीच्या डब्यातली आईची चिठ्ठी

प्रश्न: माझी मुलगी या सोमवारी पहिलीत गेली. अंगणवाडी घराशेजारीच होती, ही अनुदानित शाळा मात्र लांब आहे, ती रिक्षाने जाते. पहिल्या दिवसापासून मी डब्यात चिठ्ठी ठेवते: “बाळा, घाबरू नको, रडू नको. मी लवकर येते. डबा सगळा संपव. कुणी त्रास दिला तर बाईंना सांग. मला तुझी फार आठवण येते. – मम्मी.” बुधवारी बाई म्हणाल्या, सकाळी चांगली बसते, डबा उघडला की रडायला लागते, चिठ्ठी ठेवू नका. डबाही अर्धाच परत येतो. माझं काय चुकलं? चिठ्ठी बंद करू का? – एक आई, सेलू, जि. परभणी

उत्तर:

ताई, नमस्कार. डब्यासोबत चिठ्ठी देण्यात काही गैर नाही आणि ती कायमची बंद करण्याचीही गरज नाही. मात्र आता जी चिठ्ठी आपण देत आहात ती उद्यापासून देऊ नका. हे दोन-तीन दिवस तसेच जाऊ द्या, दरम्यान वर्गाच्या बाईंशी पाच मिनिटे बोलून घ्या आणि येत्या सोमवारपासून वेगळ्या तऱ्हेची चिठ्ठी सुरू करा, तीही दोन-तीन आठवड्यांपुरतीच. पहिलीचा वर्ग शिकवण्यात माझी नोकरीतली बरीच वर्षे गेली आहेत आणि जून महिन्यात अशा चिठ्ठ्या माझ्या हातात नेहमी आल्या आहेत. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

बाईंनी आपल्याला दिलेली माहिती फार मोलाची आहे, ती आधी नीट पाहू. मुलगी सकाळी चांगली बसते, म्हणजे शाळेची, वर्गाची किंवा बाईंची भीती तिला वाटत नाही. परिपाठ, गाणी, गोष्ट, पाटीवरच्या रेघोट्या यांत तिचे मन रमते, कारण तेव्हा कुठे बसायचे आणि काय करायचे हे कुणीतरी सांगत असते. मधल्या सुट्टीत हा आधार एकदम निघून जातो. मुले उठतात, गलका होतो, कुणाजवळ बसायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि त्याच वेळी डब्याचे झाकण निघून घरच्या फोडणीचा वास येतो. पहिल्या आठवड्यात लहान मुलांना घर आठवते ते मुख्यतः तीन वेळी: घरातून निघताना, डबा उघडताना आणि शाळा सुटायच्या सुमारास. ज्यांच्या डब्यात चिठ्ठी नसते अशी मुलेसुद्धा डबा उघडताना हळवी होतात. आपली चिठ्ठी नेमकी त्याच क्षणी तिच्या हातात पडते, आणि म्हणून तिच्यात काय आहे याला एवढे महत्त्व येते.

आता पहिली अडचण अशी की ती चिठ्ठी तिला वाचता येत नाही. अंगणवाडीतून आलेले मूल जून महिन्यात साधारणपणे स्वतःचे नाव पाहून ओळखते, काही सुटी अक्षरे ओळखते, आणि तिथेच थांबते. पहिलीत आपण सुरुवात करतो ती काना-मात्रा नसलेल्या शब्दांपासून, म्हणजे घर, नळ, बस, मगर अशा. मग काना येतो, वेलांट्या येतात, उकार आणि मात्रा येतात, आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी. “घाबरू नको, रडू नको” यात काना, उकार आणि मात्रा हे सगळेच आहे, आणि “मम्मी” या शब्दात तर जोडाक्षर आहे. हे सारे तिला स्वतःला सलग वाचता येण्यासाठी निदान दुसरे सत्र उजाडेल.

तोपर्यंत ही चिठ्ठी दुसरे कुणीतरी वाचते. बहुतेक वेळा तिसरी-चौथीतली एखादी मोठी मुलगी येते, “दाखव, काय लिहिलंय” म्हणून कागद घेते आणि मोठ्याने वाचते, कारण तिला वाचता येते याचा तिलाही अभिमान असतो. भोवती पाच-सहा मुले जमतात. आपण घरात, एकांतात, मायेने लिहिलेली वाक्ये तिच्यापर्यंत पोहोचतात ती परक्या आवाजात आणि सगळ्यांच्या देखत. त्यातले पूर्ण वाक्य तिच्या ध्यानात राहत नाही. “रडू”, “मम्मी”, “आठवण” असे शब्द तेवढे कानावर पडतात. “रडू नको” हे ऐकून ज्या मुलीच्या मनात रडणे नव्हते तिलाही ते सुचते, आणि भोवतीची मुले ती रडते का हे पाहत उभी असतात.

चिठ्ठीतल्या दोन वाक्यांविषयी मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण माझ्या मते तिच्या रडण्याचे मूळ तिथे आहे.

पहिले वाक्य “मी लवकर येते.” आपली मुलगी रिक्षाने जाते आणि रिक्षानेच परत येते, म्हणजे आपण शाळेत येत नाही. आपल्या मनात अर्थ आहे की तू लवकर घरी येशील आणि आपण भेटू. मुलगी मात्र शब्दशः अर्थ घेते: मम्मी इथे येणार आहे, आणि लवकर येणार आहे. सहा वर्षांच्या मुलाला “लवकर” म्हणजे आत्ता, फार तर डबा खाऊन होईपर्यंत. त्यानंतर शाळा सुटायला दोन-अडीच तास असतात. तेवढा वेळ ते मूल फाटकाकडे पाहत बसते. पहिलीच्या वर्गात मी हे अनेकदा पाहिले आहे: मधल्या सुट्टीनंतर मूल खिडकीकडची जागा मागते, पाटी समोर असून हात चालत नाही, आणि दर थोड्या वेळाने येऊन विचारते, “गुरुजी, मम्मी कवा येनार?” शेवटी घंटा होते, मम्मी आलेली नसते आणि मूल रडतच रिक्षात बसते. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा डब्यातून निघते. आपल्या बाईंना विचारा की मधल्या सुट्टीनंतर ती फाटकाकडे किंवा दाराकडे पाहते का. त्यांचे उत्तर “हो” असेल, तर रडण्याचे कारण आपल्या हाती आले असे समजा.

दुसरे वाक्य “मला तुझी फार आठवण येते.” हे वाक्य खरे आहे आणि ते लिहिताना आपल्याला काय वाटले असेल हे मला कळते. घरातले मूल पहिल्यांदा दिवसभर बाहेर गेले की दुपारी घर खायला उठते. पण मुलीला त्यातून कळते ते असे की मम्मी घरी एकटी आहे आणि माझ्यामुळे तिला वाईट वाटते. मग शाळेत हसणे-खेळणे हे तिला मम्मीला सोडून दिल्यासारखे वाटू लागते. काही मुले तर खेळता खेळता मध्येच थांबून रडतात. आपल्याला होणारी आठवण आपल्या बहिणीला सांगा, आईला फोन करून सांगा, हवे तर वहीत लिहा. मुलीपर्यंत मात्र ती संध्याकाळी, ती घरी आल्यावर, जवळ घेण्यातून पोहोचू द्या.

बाकीच्या सूचनांबद्दल थोडक्यात. “डबा संपव” यामुळे जेवण ही परीक्षा होते. “कुणी त्रास दिला तर बाईंना सांग” ही गोष्ट तिला माहीत असलीच पाहिजे, पण ती घरी निवांतपणे, एकदाच आणि नीट सांगायची गोष्ट आहे. रोज मधल्या सुट्टीत तिची आठवण करून दिली की शेजारी बसलेली मुलगीही त्रास देणारी वाटू लागते.

आता नवी चिठ्ठी कशी असावी ते सांगतो. तिच्यावर वाक्य नको, फक्त तीन लहान चित्रे असावीत, डावीकडून उजवीकडे, एका ओळीत: डबा, रिक्षा, घर. खाली तिचे नाव, मोठ्या सुट्या अक्षरांत, कारण तेवढे ती स्वतः ओळखू शकते. चित्र चांगले येण्याची काही गरज नाही. डब्यासाठी एक गोल आणि त्यावर कडी, रिक्षासाठी तीन चाके आणि टप, घरासाठी दार आणि त्यात उभी असलेली आपण. या वयाच्या मुलाला तास-मिनिटे समजत नाहीत, पण एकानंतर दुसरे काय येते हा क्रम फार चांगला समजतो. तिने चित्रावर बोट ठेवले की तिला कळते, आत्ता मी डब्यावर आहे, यानंतर रिक्षा, मग घर आणि घरात मम्मी. “लवकर” या शब्दाने जे सांगता आले नाही ते या तीन चित्रांनी सांगता येते, आणि ते रोज खरे ठरते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिचा विश्वास त्या खरे ठरण्यावर बसतो.

ही चिठ्ठी सकाळच्या घाईत लिहून डब्यात टाकू नका. आदल्या संध्याकाळी तिला शेजारी बसवून तिच्यासमोर काढा, तिच्या बोटाने तिन्ही चित्रांवरून फिरवा आणि तिलाच सांगू द्या की कशानंतर काय होते. रिक्षातून उतरल्यावर दारात आपण नसून आजी असणार असेल, तर चित्रातही आजीच काढा. त्यात जराही फरक नको. कागद जाड असावा, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा उत्तम चालतो, आणि लिहायला पेन्सिल घ्यावी. ती डब्याच्या आत ठेवू नका, डब्याच्या पिशवीत ठेवा. आत ठेवलेला कागद शेंगदाण्याच्या चटणीच्या तेलाने भिजतो, पोळीला चिकटतो, बॉलपेनची शाई अन्नाला लागते. पोळी वर्तमानपत्रात गुंडाळून देण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडावी असे या निमित्ताने सांगतो. छपाईच्या शाईतले घातक घटक अन्नात उतरतात म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तसे करू नये असे वारंवार बजावले आहे. पोळीसाठी स्वच्छ सुती फडके पुरेसे आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते याचे एक उदाहरण देतो. माझ्या वर्गात जूनमध्ये एक मुलगा आला. पेरणीचे दिवस होते, मृगाचा पाऊस झालेला, त्याची आई सकाळीच सोयाबीनच्या रानात जायची आणि त्याला न्यायला-आणायला आजी यायची. आईने एका वहीच्या पानावर बरेच काही लिहून डब्यात घातले होते, त्यात “मी येते” हे होतेच. चौथीतल्या चुलत भावाने ते वाचून दाखवले आणि तो जो रडायला लागला तो आजी येईपर्यंत थांबला नाही. दोन दिवस असेच गेल्यावर मी त्याच्या आईला संध्याकाळी बोलावून घेतले. तिला लिहिता येत होते, पण चित्र काढायला ती लाजत होती. मी म्हटले, तुम्ही कुठे असता ते काढा. तिने बैल काढला. मग त्यापुढे आम्ही शाळेची घंटा काढली, आणि घंटेपुढे आजी, नऊवारीत, हातात काठी घेतलेली.

पहिल्या दिवशी त्याने डबा उघडायच्या आधीच पिशवीतून ती चिठ्ठी काढली आणि मांडीवर ठेवली. डोळ्यांत पाणी आले, पण तो जेवला. मोठ्या मुलांना त्यात वाचण्यासारखे काही नसल्यामुळे ती आपोआप बाजूला झाली, एकाने “बैल कुणी काढला?” असे विचारले आणि याने सांगितले, “आमच्या मम्मीनं.” दिवसभरात माझ्याशी सोडून इतर कुणाशी तो बोललेला हा पहिला शब्द होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर त्याने ती चिठ्ठी पाटीखाली ठेवली आणि दोनदा काढून पाहिली. “कवा येनार” हा प्रश्न त्याने एकदाच विचारला. मी उत्तर न देता चिठ्ठीतल्या घंटेवर बोट ठेवले. तिसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा आजीला यायला उशीर झाला होता. तो थोडा घाबरला, फाटकाशी माझा हात धरून उभा राहिला, आणि आजी दिसल्यावर पळत गेला. त्या संध्याकाळी मी त्याच्या आईला निरोप पाठवला की आजीने घंटेच्या पाच मिनिटे आधी यावे, कारण चित्र खोटे ठरले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. पुढच्या आठवड्यात त्याने चिठ्ठीच्या मागच्या बाजूला स्वतः काहीतरी काढायला सुरुवात केली, बहुधा शाळेतले कडुनिंबाचे झाड, आणि रिकाम्या डब्यात घालून ती घरी नेऊ लागला. आईला आता दुपारची बातमी त्याच्याकडून मिळू लागली. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पावसाच्या गडबडीत चिठ्ठी राहिली. तो पिशवीत हात घालून शोधत राहिला, “आज बैल नाही” असे मला सांगितले आणि जेवायला बसला.

आता अर्धा परत येणाऱ्या डब्याकडे वळतो, कारण आपली काळजी कदाचित त्यानेच वाढलेली आहे. आपली शाळा अनुदानित आहे, म्हणजे तिथे शालेय पोषण आहाराची खिचडी शिजत असणार. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी या आहारात रोज 100 ग्रॅम तांदूळ, सोबत डाळ आणि भाजी धरलेली असते. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब आहे. एका लहान मुलीच्या पोटाला हे थोडे नाही. तिने ताटभर नव्हे, अर्धे ताट खिचडी मैत्रिणींच्या पंगतीत बसून खाल्ली असेल, तरी घरचा डबा पूर्ण संपणार नाही. म्हणून तिला “डबा का नाही खाल्ला” असे विचारण्यापेक्षा “आज खिचडीत काय होतं” असे विचारा. उत्तरात वाटाणे, मटकी, सोयाबीन असे काही आले तर ती जेवते आहे.

खिचडी खात नसेल आणि डबाही उरत असेल तर डब्याची बाजू तपासा. नवा डबा पुष्कळदा घट्ट असतो. बाजूच्या क्लिपा लहान बोटांनी उघडत नाहीत आणि पहिल्या आठवड्यात मूल मदत मागायला लाजते. रविवारी तिला चटईवर बसवून तोच डबा स्वतः उघडून, जेवून, परत बंद करू द्या आणि किती वेळ लागतो ते पाहा. पंधरा-वीस मिनिटांत व्हायला हवे. सकाळी केलेली ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते आणि सहा वर्षांच्या मुलीला ती एका हाताने मोडता येत नाही. त्याऐवजी धपाटे, दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी किंवा तुकडे करून दिलेली पोळी द्या. पातळ भाजी सांडण्याच्या भीतीने मुले डबा उघडतच नाहीत, तेव्हा हे पहिले पंधरा दिवस कोरडीच भाजी असू द्या. आणि प्रमाण कमी करा. अर्ध्या पोळीचा संपलेला डबा घरी आणणारी मुलगी दुसऱ्या दिवशी आनंदाने डबा उघडते.

आपल्या चिठ्ठीत आणखी एक मजकूर दडलेला आहे, जो खरे तर बाईंसाठी आहे. कुणी त्रास देईल का, ती उपाशी राहील का, ही आपली काळजी मुलीने वाहून न्यावी असे काही नाही. ती बाईंना वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद स्वतः जाऊन हातात द्या. दप्तरातून पाठवलेला कागद दोन-दोन दिवस तसाच राहतो. पहिलीच्या वर्गात बाईंसमोर तीस-चाळीस मुले असतात, त्यामुळे मजकूर पाच-सहा ओळींचा आणि उपयोगाचाच असावा. उदाहरणार्थ असा:

“सा. न. वि. वि. माझी मुलगी आपल्या वर्गात आहे. घरी तिला आम्ही माऊ म्हणतो, त्या नावाने हाक मारली की ती लगेच ओ देते. लघवीला जायचे असेल तर ती तोंडाने सांगत नाही, पाय आवळून बसते. कृपया मधल्या सुट्टीत एकदा सोबत पाठवावे. तिला वांगे खाल्ले की खाज येते. ती रिक्षाने जाते-येते. आमच्या ठरलेल्या रिक्षावाल्याशिवाय आणि तिच्या आजोबांशिवाय इतर कुणाबरोबर तिला पाठवू नये. तिला गाणी फार आवडतात. माझा फोन नंबर खाली देत आहे.”

यातली प्रत्येक ओळ बाईंना त्या दिवशीच कामाला येते. लघवीची ओळ तर मी प्रत्येक आईकडून मागून घेत असे, कारण शाळेच्या स्वच्छतागृहाला घाबरून पाणीच न पिणाऱ्या मुली मराठवाड्याच्या उन्हाळी जूनमध्ये दुपारपर्यंत मलूल होतात, आणि बाहेरून ते आईच्या आठवणीसारखेच दिसते. मुलीला फिट, दमा किंवा एखाद्या औषधाचे वावडे असेल तर ते लिहूनही द्या आणि तोंडीही सांगा. घरी लमाणी, उर्दू किंवा तेलुगू बोलत असाल तर तेही कळवा. मग बाईंना समजते की मूल गप्प बसते ते भीतीने नव्हे, शब्द कळत नाहीत म्हणून. याच भेटीत तीन चित्रांची चिठ्ठी त्यांना दाखवा आणि एवढेच मागा की मधल्या सुट्टीत ती कुणी मोठ्या मुलाने हातात घेऊ नये.

हे सारे करूनही किती दिवस वाट पाहावी हा प्रश्न आपल्या मनात येईल. अंगणवाडीत जाऊन आलेले बहुतेक मूल दोन-तीन आठवड्यांत रुळते. सोमवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे रडणे होते, ते मागे जाणे नव्हे. मुलांमधल्या ताटातुटीच्या भीतीला आजार म्हणण्यासाठी ती निदान चार आठवडे टिकलेली असावी असा बालमानसोपचारातला प्रचलित निकष आहे. तेव्हा जुलैच्या मध्यापर्यंत रडणे कमी होत नसेल, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते किंवा उलटी होते आणि रविवारी होत नाही, रात्री दचकून उठते, घरातही आपण दुसऱ्या खोलीत गेलात तरी मागे येते, असे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विचारा. तिथे फोनवर मोफत सल्ला मिळतो.

एका बाबतीत मात्र चार आठवडे थांबू नका. मुलीची भीती एकूण शाळेची नसून एखाद्या ठरावीक जागेची किंवा माणसाची असेल, म्हणजे रिक्षा दिसली की अंग आकसते, स्वच्छतागृहाचे नाव काढले की गप्प होते, एखाद्याचे नाव आले की विषय बदलते, तर त्याच दिवशी तिला शांतपणे विचारा, ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐका आणि मुख्याध्यापकांना भेटा. तिथे चित्रांची चिठ्ठी उपयोगाची नाही. तिथून पुढे मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनचीही मदत घेता येते.

तसे काही नसेल, आणि आपण लिहिले आहे त्यावरून तशी चिन्हे दिसत नाहीत, तर सोमवारपासून चित्रांची चिठ्ठी सुरू करा. पहिले दोन आठवडे रोज द्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड द्या, पण ज्या दिवशी देणार नाही ते आदल्या रात्री तिला सांगून ठेवा. तिला विचारून, तिने “नको” म्हटले तर त्याच दिवशी बंद करा. तिने मागितली आणि आपल्याला वेळ नसेल तर चित्रे तिलाच काढू द्या. पुढे ताप येऊन चार दिवस घरी राहिली किंवा पोळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा डबा उघडताना रडली, तर दोन दिवस चिठ्ठी पुन्हा देण्यास हरकत नाही, मात्र तीच तीन चित्रे आणि त्याच क्रमाने.